पहिला तक्ता आणि त्याखालचा मजकूर: आकडे जुळते कसे ठेवायचे?

प्रश्न: माझा प्रबंध ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला येणाऱ्या गरोदर मातांमधल्या रक्तक्षयावर आहे. गाईड मॅडमनी निष्कर्षांचं प्रकरण परत पाठवलं आणि एवढंच लिहिलं, "सहभागींचा तक्ता आणि खालचं वर्णन जुळत नाही." मी सगळे आकडे एसपीएसएसमधूनच घेतले आहेत, मनाचं काहीच नाही. सहभागींची वैशिष्ट्यं तक्त्यात नेमकी कशी मांडायची आणि मजकूर लिहिताना आकडे जुळते कसे ठेवायचे?

उत्तर:

तुमचे आकडे खरे असतील यात मला शंका नाही. मॅडमचं म्हणणं वेगळं आहे. तक्त्यातला आकडा आणि मजकुरातला आकडा दोन्ही आपापल्या जागी खरे असतात, पण ते वेगवेगळ्या बायकांची मोजणी करत असतात. तक्त्यातला २०८ जणींचा, मजकुरातला २१४ जणींचा. किंवा एकाचा छेद सगळ्या जणी आणि दुसऱ्याचा छेद फक्त उत्तर दिलेल्या. म्हणून तक्ता करायला बसण्याआधी ठरवायचं ते हे, की हा तक्ता कोणाचा आहे आणि प्रत्येक ओळीचा छेद कोणता आहे. एकदा हे पक्कं झालं की मजकूर एसपीएसएसच्या आउटपुटवरून लिहायचाच नाही, तो तयार तक्त्यावरून लिहायचा. आउटपुटवरून तक्ता आणि पुन्हा आउटपुटवरून मजकूर अशा दोन वाटांनी गेलात की त्या कुठेतरी फाटतातच.

तुमच्या विषयावरचाच एक नमुना घेऊन सांगते. खालचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, कुठल्याही प्रत्यक्ष अभ्यासातले नाहीत. पण त्यात ज्या चुका दाखवणार आहे त्या प्रबंध तपासताना पुन्हा पुन्हा दिसतात.

समजा, २१४ गरोदर मातांच्या मुलाखती झाल्या. त्यांतल्या ६ जणींचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट मिळाला नाही. रक्तक्षय आहे की नाही हेच कळलं नाही, त्यामुळे त्या विश्लेषणातून गळल्या. उरल्या २०८.

तक्ता १. अभ्यासातील गरोदर मातांची वैशिष्ट्ये (एकूण २०८)

| वैशिष्ट्य | संख्या | टक्के |
|---|---|---|
| वय, पूर्ण वर्षे | | |
| १८–२० | ४१ | १९.७ |
| २१–२५ | ९७ | ४६.६ |
| २६–३० | ५६ | २६.९ |
| ३१–३६ | १४ | ६.७ |
| गरोदरपणाची खेप | | |
| पहिली | ८९ | ४२.८ |
| दुसरी | ७८ | ३७.५ |
| तिसरी किंवा पुढची | ४१ | १९.७ |
| आर्थिक वर्ग, सुधारित प्रसाद वर्गीकरण (माहिती दिलेल्या १७७) | | |
| पहिला | ९ | ५.१ |
| दुसरा | २४ | १३.६ |
| तिसरा | ४६ | २६.० |
| चौथा | ७१ | ४०.१ |
| पाचवा | २७ | १५.३ |

वय: सरासरी २४.१ वर्षे, प्रमाण विचलन ३.६. कुटुंबाचे मासिक उत्पन्न (१७७ माता): मध्यक १२,००० रुपये, मधल्या निम्म्या कुटुंबांचे ८,००० ते १८,००० रुपये. उत्पन्नाची माहिती ३१ मातांकडून मिळाली नाही. पूर्णांकनामुळे काही ठिकाणी बेरीज १०० होत नाही.

आणि त्याखाली हा मजकूर आहे, असं धरा:

> अभ्यासात २१४ गरोदर मातांचा समावेश होता. त्यांचे सरासरी वय २८.६ वर्षे होते. बहुसंख्य माता (४६.६ टक्के) २१ ते २५ वयोगटातील होत्या, तर २१ ते ३० या वयातील माता ७३.५ टक्के होत्या. ३४.१ टक्के कुटुंबे चौथ्या आर्थिक वर्गात होती, चौथा व पाचवा वर्ग मिळून निम्म्याहून अधिक (५५.४ टक्के) होते. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १२,००० रुपये होते. पदवीधर मातांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण ८.५ टक्के होते.

वाचायला सुरळीत आहे. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तक्त्याशी कुठे ना कुठे भांडतं. एकेक पाहू.

पहिलं वाक्य. २१४ हा आकडा खोटा नाही, तेवढ्या मुलाखती झाल्याच. पण तक्त्याच्या डोक्यावर २०८ लिहिलंय, त्यामुळे वाचणारा थबकतो की ६ जणी गेल्या कुठे. हा हिशेब वर्णनाच्या पहिल्या दोन वाक्यांतच द्यायचा: किती जणींना विचारलं, किती तयार झाल्या, किती कोणत्या कारणाने गळल्या, किती उरल्या. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी २००७ मध्ये आलेल्या स्ट्रोब मार्गदर्शिकेत हे स्वतंत्र कलम आहे, आणि प्रत्येक बाबीत किती जणांची माहिती मिळाली नाही तेही सांगा असं तिथे स्पष्ट म्हटलंय. एकदा २०८ वर आलात की पुढे सगळीकडे २०८. गाळलेल्या ६ जणी वेगळ्या होत्या का हे दाखवायचं असेल तर त्यांचं एक वाक्य वेगळं लिहा, त्यांना तक्त्यात मिसळू नका.

दुसरं वाक्य, सरासरी वय २८.६. इथे मास्टर चार्ट न उघडताही कळतं की हा आकडा असूच शकत नाही. वयोगटांच्या खालच्या कडा घ्या: ४१ जणी १८ च्या, ९७ जणी २१ च्या, ५६ जणी २६ च्या, १४ जणी ३१ च्या धरल्या तर बेरीज ४,६६५ येते आणि सरासरी २२.४. आता वरच्या कडा घ्या, म्हणजे २०, २५, ३० आणि ३६. बेरीज ५,४२९, सरासरी २६.१. म्हणजे या वयोगटांच्या बायकांची सरासरी काहीही झालं तरी २२.४ आणि २६.१ यांच्या मध्येच पडायला हवी. २४.१ बसतं, २८.६ बसत नाही. मग आलं कुठून? बहुतेक वेळा शेजारच्या रकान्यातून. मास्टर चार्टमध्ये मातेच्या वयाला लागून पतीचं वय असतं आणि आउटपुटमध्येही दोन्ही ओळी एकाखाली एक येतात. दुसरा नेहमीचा उगम म्हणजे "माहिती नाही" साठी भरलेला ९९. एसपीएसएसच्या `Variable View` मध्ये `Missing` या रकान्यात तो ९९ नोंदवला नसेल तर प्रोग्राम त्याला ९९ वर्षांची बाई समजून सरासरीत धरतो. ओळखायची खूण सोपी आहे: सरासरी काढताना किमान आणि कमाल किंमतही मागवायची. गरोदर मातांच्या वयात कमाल ९९ आली की कारण सापडलं.

वयाबद्दल आणखी एक. सरासरीच्या पुढे नुसतं "± ०.२५" असं लिहिलेले तक्ते मी पाहते. ते प्रमाण विचलन नसतं, सरासरीची प्रमाण त्रुटी असते. ३.६ ला २०८ च्या वर्गमुळाने भागलं की ०.२५ येतं. सहभागी कसे होते हे सांगायचं असेल तर प्रमाण विचलनच द्यायचं, आणि अधिक-उणे चिन्हाऐवजी शब्दात "प्रमाण विचलन ३.६" असं लिहायचं, म्हणजे गैरसमजाला जागा उरत नाही. वयोगट पाडताना "२०–२५, २५–३०" असं लिहू नका. पंचवीस वर्षांची बाई दोन्हीकडे बसते, आणि मोजणारा प्रत्येक वेळी तिला वेगळीकडे टाकतो.

तिसरं वाक्य. ४६.६ टक्के म्हणजे बहुसंख्य नव्हे. बहुसंख्य, बहुतांश, निम्म्याहून अधिक हे सगळे शब्द ५० च्या वरचे आहेत. २१–२५ हा गट सर्वांत मोठा आहे, एवढंच तक्ता सांगतो, म्हणून "सर्वाधिक माता २१ ते २५ वयोगटातील होत्या" हे बरोबर. या शब्दाकडे मी विशेष लक्ष देते, कारण तो पुढे पसरतो. चर्चेच्या प्रकरणात "बहुसंख्य तरुण माता असल्यामुळे" असं कारण तयार होतं आणि सारांशातही तेच जातं. आकडा जागेवर राहतो, शब्द मात्र प्रकरणागणिक फुगत जातो. "जवळपास निम्म्या", "सुमारे एक तृतीयांश", "मोजक्याच" हे शब्द वापरायला हरकत नाही, पण प्रत्येक वेळी सोबत संख्या द्या, म्हणजे शब्द भरकटला तरी वाचणाऱ्याला कळतं.

७३.५ हा आकडा फार शिकवणारा आहे. ४६.६ आणि २६.९ यांची बेरीज ७३.५ च येते, मग चूक कुठे? चूक अशी की दोन्ही टक्के आधीच पूर्णांकित झालेले आहेत. मूळ संख्या मिळवा: ९७ आणि ५६ म्हणजे १५३. १५३ भागिले २०८ म्हणजे ७३.५६, म्हणजे ७३.६. फरक एका दशांशाचा आहे, पण परीक्षक कॅल्क्युलेटर घेऊन बसला तर त्याला हाच आधी दिसतो आणि मग तो बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने बघू लागतो. गट एकत्र करायचे तर संख्या मिळवायच्या आणि टक्के पुन्हा काढायचे, टक्के कधीच मिळवायचे नाहीत. याच कारणाने वयोगटांच्या टक्क्यांची बेरीज ९९.९ येते आणि आर्थिक वर्गांची १००.१. ती तशीच राहू द्या आणि तळटीप द्या. १०० करण्यासाठी एखाद्या ओळीत ०.१ घालणं किंवा काढणं म्हणजे तक्त्यातली ती ओळ खोटी करणं आहे, आणि तसं केलेले प्रबंध कमी नाहीत.

पूर्णांकनाची एक अडचण फारच कमी लोकांना माहीत असते. समजा २०८ पैकी ११७ जणींना रक्तक्षय आहे. हे बरोबर ५६.२५ टक्के होतात. एक दशांश ठेवायचा तर एक्सेल ५६.३ देतं. आर या प्रणालीतलं `round()` मात्र ५६.२ देतं, कारण बरोबर मधोमध पडलेला आकडा ते सम अंकाकडे वळवतं. तुम्ही तक्ता एक्सेलमध्ये केलात आणि तुमच्या संख्याशास्त्रज्ञाने पुढचं विश्लेषण आरमध्ये केलं, तर तक्त्यात ५६.३ आणि मजकुरात ५६.२ येईल आणि दोघंही बरोबर असतील. म्हणून टक्के कुठून घ्यायचे ती जागा एकच ठेवा.

आता चौथं वाक्य. तुमच्या प्रबंधात मॅडमना खटकलेली जागा बहुधा हीच असेल. चौथ्या वर्गात ७१ कुटुंबं आहेत. एसपीएसएसच्या वारंवारतेच्या आउटपुटमध्ये `Frequency` नंतर `Percent` आणि `Valid Percent` असे दोन रकाने शेजारी शेजारी येतात. `Percent` म्हणजे २०८ पैकी, ३४.१. `Valid Percent` म्हणजे ज्यांची माहिती मिळाली त्या १७७ पैकी, ४०.१. माहिती पूर्ण असेल तर दोन्ही रकाने सारखेच दिसतात, त्यामुळे सुरुवातीच्या चार-पाच बाबींत कुठल्याही रकान्यातून उचललं तरी बिघडत नाही आणि हात तसाच पडतो. उत्पन्नावर आलं की दोन्ही फाकतात. नमुन्यातल्या मजकुरात ३४.१ एका रकान्यातला आहे आणि ५५.४ दुसऱ्या रकान्यातला. शिवाय इथे छेद बदलला की निष्कर्षच बदलतो. चौथा आणि पाचवा वर्ग मिळून ९८ कुटुंबं. १७७ पैकी ती ५५.४ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक. २०८ पैकी ४७.१ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी.

यातला कुठला छेद घ्यावा? माझं मत स्पष्ट आहे. वर्गांची विभागणी दाखवताना माहिती दिलेल्यांचा छेद घ्या आणि तो त्या ओळीतच लिहा, जसं वरच्या तक्त्यात "माहिती दिलेल्या १७७" असं लिहिलंय. न मिळालेल्या ३१ चा आकडा तळटिपेत द्या. "माहिती नाही" ही सहावी ओळ करून २०८ वर टक्के काढणंही चालतं. पण मग मजकुरातही तेच टक्के वापरायचे, आणि तसं ठरवलंत तर प्रत्येक बाबीला तोच नियम लावायचा.

पण छेद लिहून काम संपत नाही, त्या ३१ जणी कोण आहेत ते बघा. खेड्यात नवी लग्न होऊन आलेली सून सासरचं उत्पन्न सांगू शकत नाही, तिला ते कोणी सांगितलेलंच नसतं. आपल्या नमुन्यात समजा या ३१ पैकी २२ जणी पहिलटकरणी निघाल्या, म्हणजे ७१.० टक्के. उत्पन्न सांगितलेल्या १७७ मध्ये पहिलटकरणी ६७, म्हणजे ३७.९ टक्के. (२२ आणि ६७ मिळून ८९, तक्त्यातल्या ओळीशी जुळलं. ही बेरीज दर वेळी करायचीच.) आता उत्पन्नाचे आकडे कोणाचे आहेत हे दिसलं: ते मुख्यतः घरात रुळलेल्या बायकांचे आहेत. ही गोष्ट वर्णनात एका वाक्यात यायला हवी, कारण पुढे तुम्ही आर्थिक वर्ग आणि रक्तक्षय यांचा संबंध लावाल तेव्हा तुमच्या पहिलटकरणींपैकी बऱ्याच जणी त्या विश्लेषणात नसतील.

प्रसाद वर्गीकरण दरडोई मासिक उत्पन्नावर चालतं, म्हणून कुटुंबातल्या माणसांची संख्याही हाताशी लागते. त्याच्या मर्यादा महागाई निर्देशांकाप्रमाणे बदलतात, तेव्हा कोणत्या महिन्याच्या निर्देशांकावर वर्ग पाडले ते पद्धतीच्या प्रकरणात लिहा. कुप्पुस्वामी पट्टी शहरी कुटुंबांसाठी बनलेली आहे, ग्रामीण केंद्राच्या अभ्यासात ती उचलू नका.

पाचव्या वाक्यात तक्ता मध्यक देतो आणि मजकूर त्यालाच सरासरी म्हणतो. उत्पन्नाला मध्यक का घेतला, तेही समजून घ्या. समजा याच १७७ कुटुंबांची सरासरी १६,४०० आणि प्रमाण विचलन १७,९०० आलं. सरासरीतून एक प्रमाण विचलन वजा केलं तर उत्तर शून्याच्या खाली जातं, आणि उत्पन्न शून्याच्या खाली जात नाही. ही तिरकस विभागणीची खूण आहे: दोन-चार बागायतदार किंवा नोकरदार कुटुंबं सरासरीला वर ओढतात. अशा ठिकाणी मध्यक आणि मधल्या निम्म्यांची व्याप्ती द्यावी. आणि मग मजकुरात "निम्म्या कुटुंबांचे मासिक उत्पन्न १२,००० रुपये किंवा त्याहून कमी होते" असं लिहावं. मध्यक म्हणजे नेमकं हेच, आणि हे वाक्य गावातल्या आशाताईलाही कळतं.

शेवटचं वाक्य या तक्त्यातलं नाहीच, ते पुढच्या, रक्तक्षय आणि शिक्षण यांच्या तक्त्यातलं आहे. रक्तक्षय हा तुमच्या अभ्यासाचा निकाल आहे, त्याला त्याचा स्वतःचा तक्ता द्या. पहिला तक्ता फक्त "या बायका कोण होत्या" एवढंच सांगतो. पण ८.५ ची चूक समजून घ्या, कारण ती सगळ्यांत महागात पडते. समजा पदवीधर माता २६, त्यांपैकी रक्तक्षय असलेल्या १०. म्हणजे पदवीधरांमध्ये रक्तक्षय ३८.५ टक्के. आता तक्त्याचे रकाने "रक्तक्षय आहे" आणि "रक्तक्षय नाही" असे असतील आणि टक्के रकान्याप्रमाणे काढले असतील, तर त्या घरात दिसेल ११७ पैकी १०, म्हणजे ८.५ टक्के. हा आकडा "रक्तक्षय असलेल्यांपैकी किती जणी पदवीधर" हे सांगतो. मजकुराने तो उलटा वाचला आणि पदवीधरांमध्ये रक्तक्षय जवळपास नाहीच असा भास तयार झाला. यावर उपाय म्हणजे टक्क्यांचं वाक्य लिहिताना "पैकी" हा शब्द टाळायचा नाही. "पदवीधर २६ मातांपैकी १० जणींना (३८.५ टक्के) रक्तक्षय होता" असं लिहिलं की छेद वाक्यातच उभा राहतो आणि उलटं वाचायला वाव राहत नाही. "पदवीधरांमधील प्रमाण" अशी रचना छेद लपवते.

आता तोच परिच्छेद पुन्हा लिहू:

> एकूण २१४ गरोदर मातांच्या मुलाखती घेतल्या. हिमोग्लोबिनचा अहवाल न मिळाल्याने ६ माता वगळल्या व २०८ मातांचे विश्लेषण केले (तक्ता १). त्यांचे सरासरी वय २४.१ वर्षे (प्रमाण विचलन ३.६) होते, आणि २०८ पैकी १५३ माता (७३.६ टक्के) २१ ते ३० वर्षांच्या होत्या. पहिलटकरणी ८९ (४२.८ टक्के) होत्या. उत्पन्नाची माहिती १७७ मातांनी दिली, त्यांपैकी ९८ कुटुंबे (५५.४ टक्के) चौथ्या किंवा पाचव्या आर्थिक वर्गात होती आणि निम्म्या कुटुंबांचे मासिक उत्पन्न १२,००० रुपये किंवा त्याहून कमी होते. माहिती न दिलेल्या ३१ मातांमध्ये पहिलटकरणी अधिक होत्या (३१ पैकी २२).

तक्त्यातली प्रत्येक ओळ इथे आलेली नाही, आणि येऊही नये. ज्या गोष्टींचा रक्तक्षयाशी संबंध लागणार आहे आणि ज्या वाचणाऱ्याला तुमच्या माता डोळ्यांसमोर आणायला लागतात, तेवढ्याच घेतल्या. ओळीन् ओळ मजकुरात उतरवली की आकडे दोनदा लिहिले जातात आणि चुकायच्या जागाही दुप्पट होतात. पी-मूल्यांचीही या तक्त्यात गरज नाही, इथे तुलना करायला दुसरा गटच नाही.

राहिला प्रश्न हे जुळलेलं पुढेही जुळतं ठेवण्याचा. बिघाड बहुतेक वेळा शेवटच्या महिन्यात होतो. एखाद्या बाईची नोंद दोनदा भरलेली सापडते, ती काढली की २०८ चे २०७ होतात. तक्ता नव्याने तयार होतो आणि मजकूर जुनाच राहतो. म्हणून मास्टर चार्टच्या फाईलला तारीख घालून ती गोठवा आणि त्यानंतर दुरुस्ती करायची झालीच तर सगळे तक्ते नव्याने काढा, एखादाच आकडा हाताने बदलू नका. एक्सेलमध्ये तक्त्याचे आकडे टाईप करण्याऐवजी सूत्राने आणा. वयाचा रकाना D असेल आणि नोंदी दुसऱ्या ओळीपासून २०९ व्या ओळीपर्यंत असतील, तर २१–२५ ची संख्या आणि टक्के असे:

```
=COUNTIFS(D2:D209,">=21",D2:D209,"<=25")
=ROUND(100*COUNTIFS(D2:D209,">=21",D2:D209,"<=25")/COUNT(D2:D209),1)
```

`COUNT` रिकामे कप्पे मोजत नाही, त्यामुळे छेद आपोआप माहिती मिळालेल्यांचाच होतो. मात्र "माहिती नाही" साठी ९९ भरला असेल तर तो मोजला जाईल, तेव्हा असे कप्पे रिकामे ठेवा.

सोपवण्याआधीची तपासणी मी कागदावर करते, पडद्यावर नाही. तक्ता एका हाताला, मजकूर दुसऱ्या हाताला. मजकुरातल्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवायचं, तो तक्त्यात शोधायचा आणि सापडला की दोन्हीकडे पेन्सिलने खूण करायची. खूण न झालेला आकडा एक तर दुसऱ्या तक्त्यातला असतो, नाही तर तुम्ही स्वतः गणित करून काढलेला असतो, जसा इथे ७३.६ आहे. अशा आकड्याचं गणित समासात लिहून ठेवा, तोंडी परीक्षेत विचारलं तर लगेच दाखवता येतं. शक्य असेल तर हे काम दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, निदान मोठ्याने आकडे वाचून दाखवायला तरी कोणी तरी बसवा. स्वतः लिहिलेला आकडा डोळा वाचत नाही, आठवतो.

ही तपासणी निष्कर्षांच्या प्रकरणापुरती ठेवू नका. सारांश बहुधा आधी लिहिलेला असतो, कधी परिषदेला पाठवलेल्या गोषवाऱ्यातून उचललेला असतो, आणि तिथे जुनी सहभागी संख्या हमखास उरते. मराठी आणि इंग्रजी असे दोन सारांश असतील तर दोन्ही तपासा. वर्डमध्ये २१४ शोधा, मराठी अंकांत एकदा आणि इंग्रजी अंकांत एकदा, कारण एका लिपीत शोधलं तर दुसऱ्या लिपीतलं सापडत नाही. २१४ जिथे जिथे सापडेल तिथे ते मुलाखतींच्या संख्येसाठीच आलंय ना, हे बघा.

चर्चेच्या प्रकरणात तुम्ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाशी तुलना कराल. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या गरोदर महिलांमध्ये रक्तक्षय ५२.२ टक्के होता. तुमचे ५६.३ असतील तर फरक ४.१ अंकांचा आहे. "४.१ टक्क्यांनी जास्त" असं लिहिलंत तर कोणी तो ५२.२ च्या ४.१ टक्के असा वाचेल. तुलनेआधी दोन्हीकडची मर्यादा एकच आहे का तेही पाहा. ती फेरी ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली रक्तक्षय धरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीसाठी ही मर्यादा १०.५ केली आहे. तुम्ही नवी मर्यादा घेतली असेल, तर ११७ हा आकडाच बदलेल. मग पहिल्या तक्त्यात गरोदरपणाच्या तिमाहीची ओळ घालावी लागेल, कारण ती नसेल तर किती मातांना कोणती मर्यादा लागली हे वाचणाऱ्याला पडताळता येणार नाही.